अण्णांच्या ऐंशीव्या वर्षपूर्तीचे पत्र : प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

अण्णांना, म्हणजे माझ्या आजोबांना, २३ नोव्हेंबरला ऐंशी वर्षे पूर्ण होतात. तो रविवार आहे. सिन्नरहून आत्या आणि पुण्याहून काका येणार आहेत आणि संध्याकाळी घरातल्या घरात औक्षण होईल. नातवंडांच्या वतीने मी काही लिहून वाचावे असे ठरले आहे. बाबांनी एकच अट घातली : "दोन-तीन मिनिटांत संपव. कौतुक लांबले की अण्णा पाणी प्यायला म्हणून उठतात आणि परत येत नाहीत." ही अट रास्त आहे, कारण आत्याच्या सत्काराच्या वेळी नेमके तेच झाले होते.

मजकूर पत्राच्या रूपात लिहायचा, असे मी आज ठरवले. वाचलेले भाषण त्याच संध्याकाळी विरून जाते, पण पत्र अण्णा नंतर एकटे बसून पुन्हा वाचू शकतील. त्यांना ती सवय आहे. आलेले प्रत्येक पत्र ते तारखेसह जपून ठेवत आले आहेत. मर्यादा सुमारे ३०० शब्दांची ठेवते. एका मिनिटात मी साधारण १२० शब्द वाचते, म्हणजे वाचनाला अडीच मिनिटे लागतील.

३ नोव्हेंबर, सोमवार

कोणताही क्रम न लावता आठवणी लिहून काढल्या. सतरा झाल्या. त्यांतल्या बऱ्याचशा साऱ्या कुटुंबाच्या होत्या : काळारामाचे दर्शन, दिवाळीचे किल्ले, आजीच्या हातच्या पुरणपोळ्या. ज्या वेळी अण्णा आणि मी दोघेच होतो, तेवढ्याच आठवणी ठेवायच्या असे ठरवले. अशा तीन उरल्या आणि तिन्ही संध्याकाळच्या आहेत. दिवसभर अण्णा सराफ बाजारातील एका पेढीवर हिशेबनीस म्हणून काम करत आणि साडेसहाला घरी येत, त्यामुळे माझ्या वाट्याला आलेले अण्णा संध्याकाळचेच होते.

पहिली आठवण भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देण्याची. दुसरी रोज सातच्या ठोक्याला तिवंध्याच्या जुन्या वाड्याच्या ओट्यावर बसून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे पाढे म्हणण्याची. तिसरी पावसाळ्यात घाटावर जाऊन गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीला कुठवर लागले आहे ते पाहून येण्याची.

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

संध्याकाळी घाटावर गेले होते. दिवे लावण्यासाठी गर्दी होती. गर्दीच्या बाजूने जाऊन मी मारुतीसमोर थोडा वेळ उभी राहिले. नदी आज खाली, शांत होती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की नाशिककर आकडे नंतर विचारतात. आधी विचारतात, "मारुतीला कुठवर लागलं?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, अशा मापांत पूर सांगितला जातो आणि ऐकणाऱ्यालाही तो नेमका कळतो.

लहानपणी मला ती फेरी गंमत वाटे. अण्णांचे कारण वेगळे होते, हे मला पुष्कळ उशिरा समजले. सराफ बाजार नदीपासून जवळ आणि सखल आहे. पाणी कमरेच्या वर चढताना दिसले की अण्णा घरी न येता तसेच पेढीवर जात आणि खतावण्या खालच्या फळीवरून माळ्यावर चढवत. सप्टेंबर २००८ च्या पुरात पाणी बाजारात शिरले, त्या वेळी पेढीचे लाकडी सामान भिजले. चोपड्या मात्र कोरड्या राहिल्या, कारण आदल्या संध्याकाळी त्या हलवलेल्या होत्या. अण्णांनी हे घरी मोठे करून कधी सांगितले नाही. बाबांकडून मला ते कळले.

तरीही ही आठवण पत्रात घेणार नाही. ती सांगायची तर पूर, पेढी आणि बाजार हे सारे सांगावे लागेल आणि तीनशे शब्दांत बाकी कशाला जागा उरणार नाही. शिवाय त्या फेरीत मी नुसती सोबत होते, तर घड्याळाजवळ आम्ही दोघे मिळून काहीतरी करत होतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिला मसुदा पूर्ण झाला. ६४० शब्द भरले आणि मोठ्याने वाचायला पाच मिनिटांहून अधिक लागली. लांबी हा त्यातला लहान दोष होता. "तुम्ही आम्हांला संस्कारांची शिदोरी दिली", "तुमच्या मायेच्या सावलीत आम्ही वाढलो", "तुमचा हात सदैव आमच्या डोक्यावर राहो" अशी वाक्ये माझ्या हातून एकामागून एक उतरली होती. लिहिताना मला भरून आले होते, आणि वाचताना त्यांत अण्णा कुठेच दिसले नाहीत.

मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला. हे शेजारच्या आजोबांना जसेच्या तसे लावता येईल का? ज्याचे उत्तर होकारार्थी आले ते वाक्य खोडले. १९० शब्द उरले. उरलेल्या भागात घड्याळाचे दोन परिच्छेद होते आणि पाढ्यांचे एक वाक्य. "तुम्ही किल्ली सोडत नसत, तिला परत बसवत" हे वाक्य मला नीट समजावूनही सांगता येईना, तरी ते खरे आहे एवढे माहीत होते. उद्या रविवार आहे, अण्णा किल्ली देतील, तेव्हा प्रत्यक्ष पाहून घेते.

९ नोव्हेंबर, रविवार

अण्णा घड्याळाला किल्ली देत असताना आज मुद्दाम जवळ उभी राहिले. शंका येऊ नये म्हणून हातात सुपारीचा डबा ठेवला होता. इतकी वर्षे हे पाहत आले आहे, पण त्यावर लिहायचे म्हणून पाहण्याची ही पहिलीच वेळ.

घड्याळ आठ दिवस चालणारे, लंबकाचे आहे. तबकडीवर किल्लीची दोन छिद्रे आहेत. उजव्या छिद्रातली स्प्रिंग काटे चालवते आणि डाव्या छिद्रातली ठोके देते. अण्णा आधी उजवीकडे किल्ली लावतात. मनगट एका वेळी अर्धाच वेढा फिरते, म्हणून ते अर्धे वेढे मोजतात. उजवीकडे तेरा झाले आणि डावीकडे अकरा. शेवटच्या दोन वेढ्यांना हात आपोआप मंदावतो, कारण स्प्रिंग जड होऊ लागते. पुढे ती घट्ट थांबली की तिच्यावर जोर करायचा नाही.

माझे ते अडलेले वाक्य इथे उलगडले. प्रत्येक अर्ध्या वेढ्यानंतर अण्णा बोटे लगेच सोडत नाहीत. किल्ली किंचित मागे येऊ देतात, आत दातेरी चाकावर खिटी बसल्याचा बारीक आवाज येतो आणि मगच पकड बदलतात. खिटी बसण्याआधी किल्ली सुटली तर ताणलेली स्प्रिंग ती उलटी भिरकावते आणि बोटांच्या सांध्यांवर फटका बसतो. मी सात वर्षांची असताना तो खाल्ला आहे. त्यानंतर काही महिने माझ्या हातावर अण्णांचा हात असे आणि खिटी वाजली की ते "बसली" म्हणत. मी "बसली" म्हटल्यावर पुढचा वेढा. हा शब्द मसुद्यात नव्हता आणि पत्राचा गाभा तोच आहे.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. किल्ली देऊन झाल्यावर अण्णा घड्याळाच्या पेटीचे खालचे टोक भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघेशी जुळते का ते पाहतात. २०१४ मध्ये वाडा सोडून गंगापूर रोडवरच्या या सदनिकेत आलो तेव्हा घड्याळ दोन-तीन तास चाले आणि थांबे. सर्वांना वाटले की त्याचे वय झाले. अण्णांनी डोळे मिटून ऐकले. टिक आणि टॉक यांच्यामधले अंतर सारखे पडत नव्हते, एक पाऊल लांब आणि एक आखूड पडावे तसे. पेटी जरा कललेली असली की असे होते आणि लंबकाला एका बाजूने पुरेसा धक्का मिळत नाही. त्यांनी पेटीचे खालचे टोक केसभर डावीकडे सरकवले, पुन्हा ऐकले, आणि दोन्ही अंतरे सारखी झाल्यावर भिंतीवर रेघ मारली. घराला रंग दिला तेव्हाही ती रेघ वाचवली होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

अडचण आली आहे. माझ्या आठवणीत वाड्यात किल्ली देण्याचा वार गुरुवार आहे. गुरुवारची आरती, उदबत्तीचा वास आणि अण्णांच्या हातातली किल्ली हे तिन्ही मला एकत्र आठवतात, तेही अगदी स्पष्ट. बाबा म्हणतात की वाड्यातही किल्ली रविवारीच दिली जात असे, आणि आठ दिवसांच्या घड्याळाला ठरलेल्या एकाच वारी किल्ली देतात हे तर्कालाही धरून आहे. मसुद्यात मी गुरुवार लिहिले आहे. अण्णा आयुष्यभर हिशेबात राहिलेले आहेत. चुकीचा वार ऐकला की ते पुढचे पत्र ऐकणार नाहीत, तो वार मनात घोळवत बसतील.

आठवण खोटी असेल असे मात्र वाटत नाही. ती इतकी स्पष्ट आहे की तिला काहीतरी आधार असला पाहिजे. शोधावे लागेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काकांचा फोन आला. पत्रात सहस्रचंद्रदर्शनाचा उल्लेख हवाच, असा त्यांचा आग्रह आहे. मी हिशेब करून पाहिला. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून थोडे अधिक अंतर असते. त्या मापाने ऐंशी वर्षांत सुमारे ९८९ पौर्णिमा होतात. परवाची त्रिपुरी पौर्णिमा धरून अण्णांच्या ९८९ झाल्या आणि हजारावी पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस येते. काकांना तसे सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले. अकरा पौर्णिमा आधीच देऊन टाकलेल्या अण्णांना आवडल्या नसत्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गुरुवारचा उलगडा झाला, आणि तो घड्याळाच्या पेटीतच होता.

अण्णा दुपारी झोपले असताना मी पेटीचे दार उघडले. दाराच्या आतल्या बाजूला जुन्या हिशेबाच्या वहीचे पान खळीने चिकटवलेले आहे. ते तिथे आहे हे मला माहीत होते, पण ते मी कधी वाचलेले नव्हते. त्यावर अण्णांच्या अक्षरात घड्याळाचा इतिहास आहे : तेल दिल्याच्या तारखा, लंबकाची दोरी बदलल्याची नोंद, "उन्हाळा, आठवड्यास अर्धा मिनिट मागे, चकती अर्धा आटा वर" अशी एक ओळ. त्यात एक नोंद सापडली : "१२-६-२००८, गुरुवार. ठोके जुळविले. डावीकडे अर्धा वेढा दिला."

ही तारीख माझी आहे. त्या वेळी मी नऊ वर्षांची होते. सातच्या ठोक्याला पाढ्यांना बसायचे असे, आणि त्या दिवशी मी खेळून परतले तेव्हा घड्याळात सात वाजून पाच मिनिटे झाली होती. अण्णा आतल्या खोलीत देवापाशी होते. मी स्टुलावर चढले, दार उघडले आणि मिनिटकाटा मागे फिरवून पावणेसातच्या थोडा पुढे आणला. मला वाटले, आता मला उशीर झालेलाच नाही.

थोड्या वेळाने घड्याळात पुन्हा सात वाजले आणि ठोका पडला एकच. या जातीच्या घड्याळात ठोके काटे पाहून पडत नाहीत. आत खाचा असलेले एक चाक असते आणि ते आपल्या क्रमाने पुढे जाते : सात, मग साडेसातचा एक, मग आठ. सातचे ठोके आधीच पडून गेले होते. काटा मागे नेला तरी चाक मागे येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा सात वाजताच त्याने पुढचा, साडेसातचा एक ठोका दिला. अण्णा आतून बाहेर आले, घड्याळाकडे पाहिले, मग स्टुलाकडे आणि मग माझ्याकडे. मला वाटले होते की ते रागावतील.

ते म्हणाले, "चाकाचा पूर्ण फेरा किती ठोक्यांचा, सांग."

पाटी आणली. एकपासून बारापर्यंतची बेरीज ७८. प्रत्येक अर्ध्या तासाचा एक, असे आणखी १२. एकूण ९०. सातनंतरचा एक पडून गेला होता, म्हणजे चाक पुन्हा सातच्या जागी आणायला ८९ ठोके पाडावे लागणार होते. अण्णांनी आतली तार एका बोटाने उचलली आणि आठ ठोके पडले. पुन्हा उचलली, एक. पुन्हा उचलली, नऊ. मी स्टुलावर बसून मोजत होते आणि पाटीवर रेघा ओढत होते. शेजारच्या बिऱ्हाडातून कोणीतरी विचारलेही की आज किती वाजले आहेत. शेवटचे सात पडले तेव्हा पाटीवर ८९ रेघा होत्या. मग त्यांनी घाईने काटे पुढे ढकलले नाहीत. साडेसातपाशी थांबून एक ठोका पूर्ण पडू दिला आणि मग काटे खऱ्या वेळेवर नेले.

ठोक्यांच्या स्प्रिंगची अर्ध्या दिवसाची ताकद त्यात खर्च झाली होती. ती भरून काढायला अण्णांनी डावीकडे अर्धा वेढा किल्ली दिली. गुरुवारी किल्ली दिल्याची माझी आठवण ती हीच. आठवण खरी होती, पण एका संध्याकाळची. मी तिला दर आठवड्याची करून टाकले होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हा प्रसंग पत्रात घ्यावा का, यावर दोन दिवस विचार केला. हा नेहमीचा प्रघात नव्हे, एकदाच घडलेली गोष्ट आहे, आणि मला लिहायचे आहे ते रोजच्या संध्याकाळींबद्दल. शिवाय त्यात भाव खाऊन जाणारी मीच आहे. आत्याला फोन केला. अण्णा त्या दिवशी शांत होते हे मला आठवते तसेच तिलाही आठवते का, हे विचारायचे होते. ती म्हणाली, "तुझ्यासमोर शांत होते. रात्री आईला म्हणाले की पोरगी माझ्या धाकानं घड्याळ फिरवते, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय." त्यानंतर सातच्या ठोक्याला पाच मिनिटे इकडेतिकडे झाली तरी चालेल असे त्यांनी स्वतःहून सांगितले होते. त्या सवलतीचे कारण हा प्रसंग होता, हे मला आज कळले.

प्रसंग घेते, पण दोन वाक्यांत. आजीशी झालेले बोलणे घेणार नाही. ते अण्णांनी मला सांगितलेले नाही, त्यामुळे चार माणसांत वाचून दाखवण्याचा हक्क मला नाही. पाच मिनिटांच्या सवलतीचा उल्लेख मात्र करते. तिचे कारण त्यांना ठाऊक आहेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चौथा मसुदा पक्का केला. मायन्याबद्दल थोडा विचार केला. घरातल्या वडीलधाऱ्यांना 'तीर्थरूप' लिहायचे हे मला अण्णांनीच शिकवले आहे, म्हणून 'प्रिय' काढले. मजकूर असा :

"ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज तुम्हांला ऐंशी वर्षे पूर्ण झाली. आज रविवारही आहे, म्हणजे घड्याळाला किल्ली देण्याचा वार.

वाड्यात असताना तुम्ही मला स्टुलावर उभे करत असत. आधी उजवे छिद्र, मग डावे. उजवीकडे तेरा अर्धे वेढे, डावीकडे अकरा. माझा हात किल्लीवर आणि तुमचा माझ्या हातावर. आत खिटी वाजली की तुम्ही 'बसली' म्हणत आणि मी 'बसली' म्हटल्याशिवाय पुढचा वेढा देत नसत. पुढे केव्हातरी तुम्ही तुमचा हात काढून घेतलात. तो नेमका कोणत्या रविवारी, हे मला आठवत नाही, कारण मी वेढे मोजत होते.

रोज सात वाजता आपण ओट्यावर बसत असू. औटकीत पाचांचे साडेसतरा मला लगेच येत आणि सातांचे साडेचोवीस कधीच येत नसत. तुम्ही उत्तर सांगत नसत. साताचे तीनपट किती आणि साताचे निम्मे किती, एवढेच विचारत आणि रस्त्याकडे पाहत बसत. माझे उत्तर येईपर्यंत तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

१२ जून २००८ रोजी मी घड्याळाचा काटा मागे फिरवला. तुम्ही मला ८९ ठोके मोजायला लावले आणि दुसऱ्या दिवसापासून सातला पाच मिनिटांची सवलत दिलीत. काटा फिरवल्याबद्दलची क्षमा मी त्या वेळी मागितली नव्हती. आज मागते.

अजूनही कोणत्याही कुलपात किल्ली फिरवली की ती सोडण्याआधी मी किंचित थांबते आणि मनात 'बसली' म्हणते. कार्यालयातील लोक विचारतात की काय ऐकते आहेस. मी त्यांना सांगितलेले नाही.

आज किल्ली तुम्हीच द्या. मी स्टुलाशेजारी उभी राहीन.

कळावे,
आपली नात"

वाचून पाहिले. अडीच मिनिटे लागली. 'ऋणी' हा शब्द अजून थोडा मोठा वाटतो, पण त्याच्या जागी दुसरा सापडला नाही, आणि हे मला खरोखर म्हणायचे आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

स्वच्छ प्रत तयार केली. अण्णांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदू काढले आहे, उजव्याचे व्हायचे आहे. छापून घेतले असते तर अक्षर हवे तेवढे मोठे करता आले असते, पण त्यांना माझे अक्षर ओळखता येते, म्हणून हातानेच लिहिले. पहिली प्रत चकचकीत कागदावर लिहिली होती. दिव्याखाली धरली की त्यावर उजेड चमके आणि ओळी दिसेनाशा होत. दुसरी प्रत साध्या, जाड, किंचित पिवळसर कागदावर काळ्या शाईने लिहिली, एक ओळ सोडून एक. चार पाने झाली. पानांच्या एकाच बाजूला लिहिले आहे, म्हणजे मागची शाई पुढे उमटणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तालीम झाली. आईला एकदा वाचून दाखवले. 'तुम्ही माझ्याकडे पाहिले नाही' या वाक्यापाशी माझा आवाज अडकला. आईने सुचवले की त्या वाक्याआधी पान संपते, तेव्हा पान उलटताना श्वास घे. उपयोग झाला. वाचन साडेसहाला सुरू करायचे, म्हणजे सातच्या आत किल्लीही देऊन होईल, असे ठरले.

२३ नोव्हेंबर, रविवार. रात्री

साडेसहाला सुरू झाले नाही. काकांची गाडी चांदवडकडून येणाऱ्या वाहतुकीत द्वारकेपाशी अडकली आणि औक्षणच पावणेसातला झाले. मी वाचायला उभी राहिले तेव्हा सातला दोन मिनिटे कमी होती. हे माझ्या लक्षात आले नाही.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते आणि जमिनीकडे पाहत होते. 'बसली' या शब्दाला त्यांच्या उजव्या हाताची बोटे जराशी हलली. औटकीचे वाक्य आले तेव्हा आत्या हसली. तिला बहुधा अडीचकी येत नसे. मी पान उलटले, आईने सांगितल्याप्रमाणे श्वास घेतला, "माझे उत्तर येईपर्यंत" एवढे म्हटले आणि सातचा पहिला ठोका पडला.

अण्णांनी तर्जनी वर केली.

मी थांबले. काका काही बोलणार होते, तेही थांबले. वाड्यात हा नियमच होता. ठोके पडत असताना कोणी बोलायचे नाही, कारण एखादा ठोका बोलण्यात बुडाला तर घड्याळ बरोबर आहे की नाही हे पुढच्या तासापर्यंत कळत नाही. आम्ही सारे तिथल्या तिथे गप्प होत असू, हातातला घास तसाच धरून, आणि शेवटचा ठोका विरला की अण्णा बोट खाली घेत आणि बोलणे तुटलेल्या शब्दापासून पुढे सुरू होई. तीन आठवडे मी या संध्याकाळी आठवत होते, वह्या आणि नोंदी तपासत होते, आणि दिवसातून कितीतरी वेळा होणारी ही गोष्ट माझ्या एकाही यादीत आली नव्हती. सतरांतही नाही.

सात पडले. अण्णांनी बोट खाली घेतले.

"हं," ते म्हणाले, "माझे उत्तर येईपर्यंत."

मी उरलेले पत्र वाचले. आवाज अडकला नाही. संपल्यावर त्यांनी चारही पाने मागून घेतली, खिशातून चष्मा काढला आणि पहिले पान पुन्हा वाचले. मग उठून किल्ली घेतली. उजवीकडे तेरा, डावीकडे अकरा. मी शेजारी उभी होते आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होते. नवव्या वेढ्याला मात्र त्यांनी थांबून माझ्याकडे पाहिले, तेव्हा मोठ्याने म्हटले.

जेवणानंतर मी पाने परत मागितली आणि शेवटच्या पानाच्या समासात एक ओळ लिहिली : 'ठोके पडत असताना बोलायचे नाही.' अण्णांनी ती वाचली, पेन माझ्याकडून घेतले आणि खाली आजची तारीख घातली. पत्र आता घड्याळाच्या पेटीत, लंबकाच्या खाली आडवे ठेवले आहे. लंबकाचा गोळा कागदाला लागत नाही ना, हे त्यांनी दोनदा खाली वाकून पाहिले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी घड्याळ चालू आहे. टिक आणि टॉक सारख्या अंतराने पडत आहेत. पत्राची एक प्रत आत्याला हवी आहे, ती या आठवड्यात लिहून देते.